आपल्याच माणसांवर संशोधन: मेंबर चेकिंग आणि पोझिशनॅलिटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ वर्षं गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, होते. त्याच केंद्रातल्या २२ आशांपैकी १४ जणींच्या मुलाखती घेऊन एमएसडब्ल्यूचा प्रबंध लिहिला. विषय साधा होता: बाळंतिणीच्या घरभेटींच्या नोंदी प्रत्यक्षात कशा होतात. तेव्हापासून आपापल्या दवाखान्यात, शाळेत, अंगणवाडीत संशोधन करणाऱ्या मैत्रिणी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं माझ्याच कामातली आहेत, कारण त्यातल्या चुका मला आतून माहीत आहेत.

मेंबर चेकिंग म्हणजे मुलाखतीची प्रत वाचायला देणं ना?

तो त्याचा एक प्रकार, आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी उपयोगाचा. मुलाखत दिलेल्यांकडूनच आपलं काम तपासून घेणं म्हणजे मेंबर चेकिंग, पण या नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. पहिलं म्हणजे मुलाखत जशीच्या तशी उतरवून ‘तुम्ही असंच बोललात ना’ हे विचारणं. दुसरं म्हणजे तिच्या एकटीच्या बोलण्याचा मी काढलेला अर्थ तिला सांगणं. तिसरं म्हणजे सगळ्यांच्या मुलाखतींतून निघालेलं चित्र थोडक्यात मांडून, ‘यात तुम्ही कुठे दिसता आणि कुठे दिसत नाही’ असं विचारणं.

संशोधन पद्धतीवर लिहिणाऱ्या लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये विश्वासार्हतेसाठी मेंबर चेकिंग सर्वात महत्त्वाचं म्हटलं, तेव्हा त्यात लोकांकडून उतारे तपासून घेण्याबरोबर अर्थ आणि निष्कर्ष तपासून घेणंही होतं. आपल्याकडे मात्र ‘प्रत दिली, सही घेतली, काम झालं’ असा कारकुनी प्रकार रुळला आहे.

प्रत देण्यात आणखी एक अडचण आहे. बोललेलं जसंच्या तसं कागदावर आलं की माणूस ओशाळतो. अर्धी वाक्यं, ‘म्हंजे’, ‘त्ये काय हाय’, एकच गोष्ट तीनदा. माझ्याकडच्या एका आशाने ते वाचून विचारलं, ‘ताई, मी एवढी अडाणी बोलते का?’ पुढच्या भेटीत ती पुस्तकी मराठीत बोलायला लागली आणि तिच्या बोलण्यातला जीव गेला. शिवाय तो कागद घरी जातो आणि नवरा किंवा सासू वाचते. सासूबद्दल बोललेलं असेल तर पुढचं सांगायला नको.

मी त्यांच्यातलीच आहे. मग ‘माझं स्थान’, म्हणजे पोझिशनॅलिटी, म्हणून वेगळं काय लिहायचं?

प्रबंधात मी पहिल्यांदा लिहिलेला परिच्छेद असा होता: ‘संशोधिका स्वतः ग्रामीण भागातील, विवाहित, आरोग्य विभागात कार्यरत असल्याने सहभागींशी तिचे नाते विश्वासाचे होते.’ यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरी गाइडनी तो खोडला आणि समासात लिहिलं, ‘मोबदल्याच्या कागदावर सही कोणाची?’

सही माझीच होती. आशा पगारी कर्मचारी नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो. तिने लिहिलेल्या भेटी मी तपासायच्या, मग कागद पुढे जायचे. म्हणजे ज्या नोंदींबद्दल मी मुलाखत घेत होते, त्या पास करणारी किंवा अडवणारीही मीच होते. हे वाक्य माझ्या परिच्छेदात नव्हतं. जात, वय, शिक्षण, गाव ही यादी लिहिणं सोपं जातं, कारण त्यातून आपण काही कबूल करत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की कुणीही एकाच ओळखीने आतलं किंवा बाहेरचं नसतं. प्रत्येकाच्या एकाच वेळी अनेक ओळखी असतात आणि प्रसंगाप्रमाणे वेगळी ओळख वर येते. आशा आणि गटप्रवर्तकांच्या २०२३ च्या संपात मी आणि माझ्या आशा एकाच मंडपात बसलो होतो, तेव्हा मी पूर्ण आतली होते. पुढच्या महिन्यात त्यातल्याच एकीच्या रजिस्टरवर लाल पेनाने गोल करताना मी बाहेरची होते. माझं सासर त्याच तालुक्यातलं, त्यामुळे तिघी जणी मला नात्याने ‘वहिनी’ म्हणत. त्यांच्यासाठी तर मी तिसरीच कुणी होते.

म्हणून माझा सल्ला असा: ‘मी कोण आहे’ हे लिहायच्या आधी ‘हिचं माझ्याकडे काय अडकलेलं आहे आणि माझं हिच्याकडे काय’ याची प्रत्येक सहभागीसाठी एक ओळ लिहा. १४ जणींच्या १४ ओळी. प्रबंधात त्या जाणार नाहीत, पण तुमचा परिच्छेद त्यांतूनच तयार होईल.

सगळ्यांनी ‘बरोबर आहे ताई’ म्हटलं. चेकिंग झालं का?

झालं नाही. माझ्याही १४ पैकी १४ जणींनी तेच म्हटलं होतं आणि मी आनंदाने तसं लिहूनही टाकलं होतं.

ते कसं घडलं ते सांगते. मासिक मीटिंग संपल्यावर मी एकेकीला बाजूला घेऊन निष्कर्ष वाचून दाखवला. जागा आरोग्य केंद्राचीच, हातात माझीच वही, आणि दाराबाहेर दुसरी आशा तिची पाळी यायची वाट बघत उभी. वाचून झाल्यावर मी विचारलं, ‘बरोबर आहे ना?’ या प्रश्नाला एकच उत्तर असतं. नाही म्हणायचं तर ताई चुकल्या असं म्हणायचं, आणि ताईंकडे या महिन्याचे कागद पडलेले.

खोटा होकार ओळखायच्या काही खुणा मला नंतर कळल्या. उत्तर प्रश्न संपायच्या आत येतं. त्यात आपल्या मजकुरातला एकही शब्द परत येत नाही. कुणी काही जोडत नाही. खरंच पटलेली बाई गप्प बसत नाही, ती ‘हो, आणि त्या दिवशी तर’ म्हणून आणखी एक प्रसंग सांगते. माझ्या १४ होकारांत असा एकही ‘आणि’ नव्हता.

दुसऱ्या फेरीत तीन गोष्टी बदलल्या. विचारणारी बदलली: दुसऱ्या जिल्ह्यातली माझी एक वर्गमैत्रीण गेली, तिचा आरोग्य खात्याशी काही संबंध नव्हता. जागा बदलली: आशांच्या घरी किंवा त्या सांगतील तिथे, आणि मोबदल्याचे कागद माझ्याकडे येण्याचे दिवस सोडून. आणि प्रश्न बदलला. एकच निष्कर्ष देण्याऐवजी एका पानावर साध्या मराठीत, एकेका मुद्द्याचे दोन वेगळे अर्थ लिहिले आणि विचारलं, ‘यातलं कुठलं तुमच्या गावात लागू होत नाही?’ प्रश्नातच नकार गृहीत धरला की नकार देणं उद्धटपणाचं वाटत नाही. अशा सारांशावर आधारलेल्या पद्धतीला बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये रीतसर रूप दिलं आहे. तिचा गाभा असा की सारांशातल्या मुद्द्यांवर लोकांना मत देता यावं आणि नवीन काही जोडताही यावं. आलेली उत्तरं मग विदा म्हणून विश्लेषणात घ्यायची.

१४ पैकी ११ जणी भेटल्या. चौघींनी काहीतरी नाकारलं. त्यातल्या एका नकाराने माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण पाडलं.

ते प्रकरण कसं पडलं?

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या आईच्या घरी आशाने सहा भेटी द्यायच्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सगळ्या झाल्या की २५० रुपये. मुलाखतींत बऱ्याच जणींनी सांगितलं की मधल्या एकदोन भेटी फोनवर होतात, पण फॉर्मवर मात्र घरभेट लिहिली जाते. मी या सगळ्या उताऱ्यांना एक कोड, म्हणजे विश्लेषणासाठीचं एक नाव, दिला होता: ‘खोटी नोंद’. प्रकरणाचं शीर्षकही त्याच्यावरूनच ठेवलं.

माझ्या मैत्रिणीने सारांश दाखवला तेव्हा एक वयस्कर आशा ‘खोटी नोंद’ या शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, ‘हे कुणी लिहिलं?’ मग तिने सांगितलं ते असं. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. बाळ जन्मतं माहेरच्या गावात, नाव मात्र सासरच्या आशाच्या रजिस्टरला. पहिल्या भेटी माहेरची आशा देते आणि फोन करून बाळाचं वजन, ताप, अंगावर पितंय की नाही ते कळवते. सव्वा महिन्याच्या आगेमागे बाई सासरी येते, शेवटची भेट इकडची आशा देते. फॉर्म एकच, दिवस सहा, दोन गावं, आणि दोन ओळी लिहायला फॉर्मवर जागा नाही. पैसे दोघी आपसांत वाटून घेतात. भेट झालेली असते, बाळ बघितलेलं असतं. नोंदीत फक्त ‘कुणी’ हे चुकतं.

मी परत उतारे काढून वाचले. सगळे असे नव्हते. काही जणींनी खरोखरच भेट न देता लिहिलं होतं, पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वस्तीवर विशेष करून. पण मी दोन्ही प्रकार एकाच पिशवीत टाकले होते, कारण तपासणीच्या खुर्चीतून दोन्ही सारखेच दिसतात: फॉर्म आणि वस्तुस्थिती जुळत नाही. ‘खोटी’ हा शब्द एकाही मुलाखतीत आलेला नव्हता. आशा म्हणत होत्या ‘माहेरची केस’, ‘फोनवरची भेट’, ‘भागवून घेतलं’. खोटी हा माझा शब्द, लाल पेनातला.

पोझिशनॅलिटी आणि मेंबर चेकिंग या दोन वेगळ्या प्रकरणांतल्या गोष्टी नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. माझं स्थान कुठे आहे हे मी परिच्छेदात शोधत बसले होते, आणि ते माझ्या कोडच्या नावात होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना एक काम सांगते: कोडची यादी छापा आणि प्रत्येक कोडसमोर लिहा की हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे. त्यांचा, खात्याचा, पुस्तकाचा की माझा? ‘माझा’ आणि ‘खात्याचा’ असे जे निघतील ते पहिले तपासायला न्या.

मुलाखतीत सारखं ‘तुम्हाला माहीतच आहे ताई’ येतं. चालेल का?

चालणार नाही, आणि हे नंतर मेंबर चेकिंगने भरूनही निघत नाही. आतल्या संशोधिकेच्या मुलाखतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुतेकदा या वाक्यामागे दडलेली असते. ती म्हणते ‘माहीतच आहे’, आपण मान हलवतो, दोघी हसतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हसू राहतं. मग विश्लेषण करताना ती रिकामी जागा आपण स्वतःच्या माहितीने भरतो आणि ती तिची म्हणून लिहितो.

माहेरच्या केसचं नेमकं असंच झालं होतं. उतारे परत वाचताना दिसलं की तिघींनी तो विषय काढला होता: ‘पहिलटकरणीचं तर तुम्हाला माहीतच आहे.’ मी पुढे विचारलंच नाही, कारण मला वाटलं मला माहीत आहे.

यावर उपाय अगदी बाळबोध आहे. ‘मला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या सरांना माहीत नाही, त्यांना सांगतेस तसं सांग’ असं म्हणायचं. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दोघींना सवय होते. पहिल्या दोन मुलाखती झाल्या की थांबून उताऱ्यात ‘माहीतच’, ‘तसंच’, ‘नेहमीचंच’ हे शब्द शोधा. ते किती वेळा आले आणि त्यानंतर तुम्ही काय विचारलं हे बघितलं की तिसरी मुलाखत आपोआप सुधारते.

मेंबर चेकिंगमध्ये एकीने ‘हे काढून टाका’ म्हटलं तर?

काय काढायचं म्हणते त्यावर अवलंबून आहे. तिचं स्वतःचं बोलणं ती मागे घेत असेल तर ते काढायचं. वाद घालायचा नाही, ‘फार छान वाक्य आहे गं’ म्हणून गळ घालायची नाही. आपल्यासारख्यांनी घातलेली गळ ही गळ नसते, हुकूम असतो. सहभागीला केव्हाही माघार घेता येते हे आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. फक्त निष्कर्ष ज्या तारखेनंतर एकत्र मिसळले जातील ती तारीख संमतिपत्रातच सांगून ठेवा, म्हणजे नंतर अडचण येत नाही.

तिला माझा अर्थ पटत नसेल, तर गोष्ट वेगळी. अर्थाची जबाबदारी माझी आहे. ती म्हणाली म्हणून तो लगेच बदलायचा, असं नाही. ती का म्हणते ते ऐकायचं, उतारे परत बघायचे. पटलं तर बदलायचं, जसं ‘खोटी नोंद’चं झालं. नाही पटलं तर दोन्ही मतं लिहायची. माझ्या एका निष्कर्षात होतं की ज्येष्ठ आशा नव्यांना अवघड वस्त्या देतात. दोघी ज्येष्ठ आशांनी ते साफ नाकारलं. नव्यांच्या पाच मुलाखतींत ते स्पष्ट होतं. मी निष्कर्ष ठेवला आणि त्यांचा नकारही त्याखाली लिहिला. त्या दोघी कोण हे मात्र कळू दिलं नाही, आणि तेच फार अवघड गेलं.

नावं बदलली आहेत. ओळखू येणार नाही ना?

बाहेरच्यांना येणार नाही. आतल्यांना पहिल्या पानावर येईल. संशोधक मार्टिन टोलिच यांनी २००४ मध्ये यावर लिहिताना दोन प्रकारची गोपनीयता वेगळी केली: परक्या वाचकापासूनची आणि सहभागींची एकमेकींपासूनची. आपली खरी भीती दुसऱ्या प्रकारची. २२ आशांमध्ये ‘नदीपलीकडे दोन वस्त्या असलेली, पंचेचाळिशीची’ एकच असते, तिला सुमन म्हणा नाहीतर कमल.

आणि इथे मेंबर चेकिंगच गळतीची जागा होते. सगळ्यांचा एकत्र सारांश दाखवला की प्रत्येकीला बाकीच्यांचं बोलणं कळतं. म्हणून त्या एका पानावर मी एकही अवतरण घातलं नव्हतं. वय, गाव, वस्ती काढून टाकली. एकाच बाईची गोष्ट ओळखू येईल असं वाटलं तिथे दोघींच्या गोष्टी एकत्र केल्या आणि तसं प्रबंधात नोंदवलं. शेवटची चाळणी अशी होती: प्रत्येक अवतरण तिची जवळची मैत्रीण वाचते आहे असं समजून वाचायचं. तिला ओळखता आलं तर बाईला एकटीला विचारायचं, नाहीतर वगळायचं.

साहेबांना दाखवलं तर ते मेंबर चेकिंग धरतात का?

नाही. वैद्यकीय अधिकारी सहभागी नव्हते. परवानगी दिली म्हणून कच्चा मजकूर बघायचा हक्क त्यांना मिळत नाही. परवानगीच्या अर्जातच लिहून घ्या की मंजूर झालेला अंतिम प्रबंध मिळेल, उतारे मिळणार नाहीत. मी हे लिहून घेतलं नव्हतं. ‘फोनवर भेटी कोण करतं तेवढंच सांगा’ असं मला दोनदा विचारलं गेलं, आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. कागद हातात असता तर तोंड चुकवावं लागलं नसतं.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट मुलाखतीआधीच ठरवा: कामात गैर काही कळलं तर तुम्ही संशोधक म्हणून गप्प राहणार की पर्यवेक्षक म्हणून कळवणार? बाळाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही, बाकी नोंदींबद्दल मुलाखतीतलं मुलाखतीत राहील, असं मी संमती घेताना तोंडी आणि लेखी सांगितलं होतं. दोघींनी ते ऐकून मुलाखत नाकारली. तो त्यांचा समजूतदारपणा होता.

मेंबर चेकिंग केलंच नाही तर चालतं का?

चालतं, कारण देता आलं तर. मुलाखत एखाद्या दुखऱ्या गोष्टीवर असेल आणि ती परत उकरण्याने बाईला त्रास होणार असेल, तर आग्रह धरू नका. सहा महिन्यांनी माणसं बदललेली असतात, बदली झालेली असते, ‘मी असं म्हटलं होतं?’ म्हणतात. म्हणून मुलाखतीच्या शेवटी पाच मिनिटं ‘मला जे समजलं ते असं, चुकलं तर अडवा’ एवढं केलं तरी पुष्कळ हाती लागतं. आणि हे तर प्रत्येक मुलाखतीत फुकटात होतं.

प्रबंधात हे कसं लिहायचं? व्हायव्हात ‘तुम्ही आतल्याच, मग हे एकतर्फी नाही का’ असं विचारतात.

‘सर्व सहभागींनी निष्कर्षांना दुजोरा दिला’ हे वाक्य लिहू नका. लिहायचं ते असं: काय दाखवलं, कुणी दाखवलं, कुठे, किती जणींना बोलावलं, किती आल्या, कुणी काय नाकारलं आणि त्यामुळे काय बदललं. माझ्या प्रबंधात हे दीड पान आहे. न आलेल्या तिघींबद्दलही एक ओळ आहे, कारण त्या तिघींपैकी दोघींचे कागद त्याच वर्षी मी अडवले होते.

व्हायव्हात तो प्रश्न आलाच. मी जुनी आणि नवी कोडयादी शेजारी शेजारी ठेवली. ‘खोटी नोंद’ खोडून तिथे तीन कोड झाले होते: ‘माहेरची केस’, ‘फोनवरची भेट’, ‘न झालेली भेट’. परीक्षकांनी बाकी काही न विचारता तिसऱ्या कोडखालचे उतारे किती ते विचारलं. सहा होते, सहा वेगळ्या जणींचे.

अभ्यास संपल्यावर परत त्याच बायकांसोबत काम करायचं असतं. तेव्हा?

माझ्या बाबतीत पहिले तीन-चार महिने अवघड गेले. मीटिंगमध्ये फॉर्म तपासताना कुणाची मुलाखत आठवायची आणि हात थांबायचा. मुलाखतीत कळलेलं तपासणीत वापरायचं नाही, हा शब्द दिलेला होता. पण कळलेलं विसरता येत नाही. शेवटी ‘न झालेली भेट’मधल्या त्या सहाही जणींचे घरभेटीचे फॉर्म मी शेजारच्या गटप्रवर्तकेकडून तपासून घ्यायला लागले आणि तिचे काही माझ्याकडे घेतले. कारण कुणाला सांगितलं नाही. माहेरच्या केससाठी मात्र फॉर्मच्या मागच्या बाजूला दुसऱ्या आशाचं नाव आणि फोन नंबर लिहायला मी सगळ्यांनाच सांगितलं, आणि ते चालू राहिलं.